लिहिलेले संगीत शुद्ध, न लिहिलेले भ्रष्ट?

गेल्या महिन्यात आमच्या स्टाफरूमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर येऊन पडला. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. मुद्दा मात्र स्वच्छ होता. भारताचे खरे संगीत म्हणजे कर्नाटक संगीत, कारण ते लिहिलेले आहे, शास्त्राला धरून आहे आणि मंदिरांनी ते जपले आहे. उत्तरेकडचे संगीत मुसलमानी दरबारात गेले, अडाणी उस्तादांच्या हाती लागले, त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून जे आठवले तेवढे उरले आणि बाकीचे बिघडले. आमच्याच एका सहकारी शिक्षकांनी तो पुढे पाठवला होता. खाली दोन-चार अंगठे उमटले, एक नमस्कारही. मी काही लिहिले नाही. स्टाफरूममधल्या एकमेव मुसलमान शिक्षकाने अशा वेळी लिहायचे की गप्प बसायचे, हा प्रश्न माझ्या वाचकांना नवा नाही.

पण हा मजकूर निव्वळ धर्मावरचा असता तर मी सोडून दिला असता. तो संगीतावरचा होता, आणि संगीताच्या बाबतीत तो चुकीचा होता. मी मध्यमा परीक्षेपर्यंत गाणे शिकलो आहे, गायक नाही. तरी एवढे नक्की सांगू शकतो की दक्षिणेत जास्त लिहिले गेले आणि उत्तरेत कमी, याचे कारण मैफलीच्या घडणीत आहे, गाणाऱ्याच्या धर्मात नाही. आणि जे लिहिले जाते त्यात राग असतोच, असे तर मुळीच नाही, ना तिकडे ना इकडे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर तामिळनाडूतून बदलीवर आलेले एक कुटुंब राहत होते. त्यांच्या घरातल्या बाई कर्नाटक गायन शिकलेल्या होत्या. मी मालकंस घोकत असे, तो त्यांच्या कानावर जाई. एकदा जिन्यात भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "सर, तुम्ही आमचा हिंदोळम् इतका सरळ का गाता?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका कागदावर हिंदोळम्‌चे स्वर लिहून दिले. षड्ज, साधारण गांधार, शुद्ध मध्यम, शुद्ध धैवत, कैशिकी निषाद. रिषभ नाही, पंचम नाही.

मी घरी येऊन पेटी काढली. साधारण गांधार म्हणजे आपला कोमल गांधार आणि कैशिकी निषाद म्हणजे आपला कोमल निषाद, एवढे ऐकून माहीत होते. शुद्ध धैवत तर लिहिलेलाच होता, म्हणून मी सरळ शुद्ध धैवत वाजवला. जे वाजले तो मालकंस नव्हता. रिषभ-पंचम काढून टाकलेल्या बागेश्रीसारखे काहीतरी वाजले. बाईंना ऐकवले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

चूक माझी होती, आणि ती शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे 'शुद्ध' म्हणजे बिलावलच्या सप्तकातला स्वर. त्यांच्याकडे 'शुद्ध' म्हणजे त्या स्वराची सगळ्यांत खालची जागा. म्हणून त्यांचा शुद्ध रिषभ हा आपला कोमल रिषभ आणि त्यांचा शुद्ध धैवत हा आपला कोमल धैवत. तिकडच्या मुलांचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात. त्याचे स्वर म्हणजे आपला भैरव. आपल्याकडचे मूल बिलावल किंवा भूपापासून सुरू करते. एकच शब्द, एकाच संस्कृत भाषेतला, आणि दोन ठिकाणी दोन अर्थ. 'शुद्ध' संगीत कोणते, असा वाद घालणाऱ्यांनी आधी हा शब्द कुठे काय सांगतो ते पाहायला हरकत नाही.

धैवत दुरुस्त केला आणि पेटीवर मालकंसच उतरला. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. कागदावर हिंदोळम् आणि मालकंस यांच्यात काडीचा फरक राहिला नाही. मग मी बाईंना म्हटले, "आता गा." त्यांनी 'म ग सा' एवढेच गायले. त्यांचा गांधार जागेवर उभाच राहत नव्हता. तो खालून उठत होता, मध्यमाच्या दिशेने जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता, आणि या सगळ्या हालचालीला त्या 'ग' म्हणत होत्या. मी तेच तीन स्वर गायले. माझा मध्यम लांब आणि स्थिर, तिथून मिंडेने गांधारावर उतरणे, गांधारावर किंचित झुलणे आणि षड्जावर येऊन थांबणे. त्या म्हणाल्या, छान आहे, पण हा हिंदोळम् नाही. मी म्हटले, तुमचाही छान आहे, पण मालकंस नाही.

हा फरक कागदावर कुठे होता? कुठेच नव्हता. पेटीवर करून पाहा. 'म ग सा' वाजवले की मालकंस निम्माशिम्मा तरी ओळखू येतो, कारण त्याचे मध्यम आणि षड्ज स्थिर असतात. हिंदोळम् जवळजवळ येतच नाही, कारण त्याचे प्राण दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत आहेत. दक्षिणेत या सगळ्या हालचालींना मिळून 'गमक' म्हणतात. आपल्याकडे 'गमक' म्हणजे छातीतून जोर देऊन स्वर हलवणे, तो एक प्रकार. बाकीच्यांना आपण मिंड, कण, मुरकी, खटका, आंदोलन अशी वेगवेगळी नावे देतो. आपल्याकडे स्वर आधी उभा राहतो आणि मग नटतो. तिकडे कितीतरी रागांत हालचाल हाच स्वर असतो. ती काढून घेतली तर साधा स्वर उरत नाही, चुकीचा स्वर उरतो.

मी उर्दू शिकवतो, म्हणून मला या कागदाचे कोडे लवकर सुटले. उर्दूत अलिफ आणि सीन लिहिले की 'इस' होते आणि 'उस'ही होते. जेर, जबर, पेश या खुणा मुलांच्या कायद्यात छापतात, वर्तमानपत्रात छापत नाहीत. वाचणाऱ्याला भाषा येते, म्हणून त्याला त्यांची गरज पडत नाही. कर्नाटक संगीताची रोजच्या वापरातली स्वरलिपी अशीच वर्तमानपत्री आहे. वर रागाचे नाव असते. खाली 'ग' लिहिला की तो कोणता गांधार आणि तो कसा हलवायचा, हे राग येणाऱ्याने समजून घ्यायचे. स्वर लांबवायचा असेल तर दीर्घ लिहायचा किंवा पुढे स्वल्पविराम टाकायचा, अर्धविराम टाकला की त्याच्या दुप्पट थांबायचे. तालाचे भाग उभ्या रेघांनी तोडलेले असतात. झाले.

भातखंड्यांची लिपी त्या मानाने मुलांच्या कायद्यासारखी आहे. कोमल स्वराखाली प्रत्येक वेळी आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी टिंब, मिंडेला वर कमान, कणस्वर बारीक अक्षरात. राग न येणाऱ्या, पुस्तकातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला समोर ठेवून ती केली आहे. म्हणजे कुठली लिपी जास्त बारकाईची, असे विचारलेच तर या एका बाबतीत उत्तर त्या व्हॉट्सअॅप मजकुराच्या उलट येते. तरीही माझ्या 'म ग सा'मधला गांधार किती झुलवायचा, हे भातखंड्यांची लिपी सांगत नाही. ते माझ्या गुरुजींनी मांडीवर हात आपटून सांगितले.

दक्षिणेत गमकांच्या खुणा कुणी केल्याच नाहीत असे नाही. एट्टयपुरमच्या सुब्बराम दीक्षितरांनी 1904 साली 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा तेलुगू ग्रंथ छापला, त्यात गमकांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. त्याच वर्षी भातखंडे दक्षिणेच्या प्रवासात त्यांना भेटले होते. पण त्या खुणा रोजच्या शिकवणीच्या वह्यांमध्ये रुजल्या नाहीत. जेर-जबर लावलेले पुस्तक आदराने कपाटात राहिले आणि लोक वर्तमानपत्री लिपीतच शिकत राहिले, कारण गमक गुरूच्या गळ्यातून येत होते.

मग दक्षिणेत जास्त लिहिले गेले ते का? इथे मैफलीकडे यावे लागते.

आपल्याकडची ख्यालाची मैफल डोळ्यांसमोर आणा. गायक विलंबित एकतालात मालकंस सुरू करतो. बंदिश किती? स्थायी दोन ओळी, अंतरा दोन ओळी. किराणा ढंगाच्या अतिविलंबित लयीत एकतालाचे एकच आवर्तन पाऊण मिनिट, मिनिटभर चालते. तबलजी ठेका धरून असतो, ताल तो सांभाळतो, गायक मोकळा असतो. बंदिशीचा मुखडा म्हणजे समेवर परत येण्याचा रस्ता. उरलेला पाऊण तास जे गायले जाते ते त्या क्षणी घडत असते. पुढे द्रुत बंदिश, ताना, आणि एक राग संपायला तास लागतो. यातले लिहिण्यासारखे काय? त्या चार ओळी. त्या लिहिल्या तरी हाती फार थोडे येते.

आता कचेरी पाहा, म्हणजे कर्नाटक मैफल. सुरुवातीला वर्णम्, मग एकामागून एक कृती. एका बैठकीत सात-आठ राग सहज होतात. कृती म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी, चरणम् असलेली पूर्ण रचना, आणि एकेक ओळ संगतींसह, म्हणजे ठरलेल्या चढत्या पालटांसह गायची. ती मोडून चालत नाही. श्रोत्यांपैकी निम्म्यांना ती पाठ असते आणि ओळ चुकली तर ते मान वर करतात. मुख्य कृतीला आधी रागाचा आलाप, मग एका ओळीचा विस्तार, मग स्वरांची नावे घेत केलेली कल्पनास्वरे, आणि शेवटी मृदंगवादकाला स्वतंत्र वेळ. गायक स्वतः मांडीवर हाताने ताल देतो. आदितालाच्या आठ मात्रा एक टाळी, तीन बोटे आणि मग दोनदा टाळी-हात उलटा अशा मोजतो. मृदंग आपल्या ठेक्यासारखा एकच आराखडा धरत नाही, तो रचनेच्या वळणांबरोबर जातो. जिथे रचना इतकी मोठी, इतकी पक्की आणि संख्येने इतकी जास्त, तिथे लोक लिहून ठेवणारच. त्यागराजांच्या शिष्यांनी लिहून ठेवल्या म्हणून तर कितीतरी कृती आपल्यापर्यंत आल्या. पण त्याच कृती वेगवेगळ्या शिष्यपरंपरांत वेगवेगळ्या वळणाने गायल्या जातात. त्याला ते पाठांतर म्हणतात. लिहूनही एकच पाठ उरला नाही.

मैफलीची घडण किती खोलवर जाते याची एक खूण तानपुऱ्यात सापडते. मालकंसात पंचम नाही, म्हणून आपण पहिली तार मध्यमाला लावतो. बाईंनी हिंदोळम् गाताना तंबोरा पंचमावरच ठेवला. रागात नसलेला स्वर मागे सतत वाजतो आहे हे मला खटकले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सहसा तसेच असते. नंतर लक्षात आले की दर दहा-पंधरा मिनिटांनी राग बदलणाऱ्या मैफलीत प्रत्येक रागाला तार उतरवत बसणे परवडणार नाही. एका रागाला तास देणाऱ्याला ते परवडते. वेळेचेही तसेच. मालकंस आम्ही रात्री उशिरा गातो, हिंदोळम् संध्याकाळच्या कचेरीत कुठेही येऊ शकतो.

आणि ही कचेरीची घडण पुराणकाळची आहे असे समजू नका. आज जी दिसते ती विसाव्या शतकात अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (1890–1967) यांनी बसवली, असे दक्षिणेतले जाणकारच सांगतात. त्यात गायकाच्या सावलीसारखे चालणारे वाद्य म्हणजे व्हायोलिन. ते युरोपातून आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुत्तुस्वामी दीक्षितरांचे भाऊ बालुस्वामी यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. इंग्रजी वाद्य घेऊन संगीत बाटले नाही, उलट श्रीमंत झाले. मग सारंगी आणि ख्यालानेच उत्तरेचे संगीत कसे बाटले? आणि शुद्धतेच्या त्या मंदिरात नादस्वरम् वाजवणारे शेख चिन्न मौलाना (1924–1999) बसतात कुठे? श्रीरंगममध्ये राहून त्यांनी जन्मभर त्यागराज वाजवला, आणि दक्षिणेने त्यांना 'संगीत कलानिधी' म्हणून गौरवले.

आता 'उस्तादांना लिहिता येत नव्हते' या वाक्याकडे. यात थोडे खरे आहे, ते मी लपवणार नाही. बऱ्याच उस्तादांचे शालेय शिक्षण नव्हते. घराण्यातल्या चिजा बाहेर जाऊ नयेत म्हणून त्या लपवल्या जात, जावयाला मिळत आणि शिष्याला मिळत नसत. याने नुकसान झाले. भातखंड्यांच्या लेखनात उस्तादांविषयी जो कडवटपणा आहे त्यामागे या अनुभवाचाही वाटा असावा. पण त्याच भातखंड्यांच्या पुस्तकांतल्या बंदिशी आकाशातून पडल्या नव्हत्या. जयपूर, रामपूरच्या उस्तादांकडून त्यांनी त्या मिळवल्या. देणाऱ्यांनी दिल्या म्हणून छापल्या गेल्या.

शिवाय भातखंड्यांच्या आधी बडोद्याला मौला बख्श (1833–1896) होऊन गेले. हे उस्ताद म्हैसूरला गेले, तिथे कर्नाटक संगीत शिकले, तिथल्या दरबाराचा मान मिळवला. परत येऊन त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, त्या लिपीतली पुस्तके काढली आणि 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा उघडली. उत्तरेच्या संगीताला वहीत आणणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक उस्ताद होता, आणि त्याने दक्षिण पाहिली होती. पुढे राजा नवाब अली खाँ यांनी 'मआरिफुन्नग़मात' हे पुस्तक उर्दूत लिहिले, तेही स्वरलिपीसह. आमच्या उर्दू शाळांतल्या किती शिक्षकांना ही दोन नावे माहीत आहेत? मला स्वतःला पस्तिशी उलटल्यावर कळली. व्हॉट्सअॅपवर राग काढताना हा राग आपल्यावरही थोडा काढायला हवा.

आणि आपल्या मिरजेचे अब्दुल करीम खाँ. म्हैसूर दरबाराशी त्यांचा जुना संबंध होता. त्यांच्या ख्यालात सरगम ज्या प्रमाणात आली ती दक्षिणेतल्या कल्पनास्वरांच्या कानातून आली, असे मानले जाते. त्यांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती ध्वनिमुद्रित केली आहे, तीन मिनिटांच्या तबकडीवर. ती जरूर ऐका. स्वर खरहरप्रियेचे आहेत, म्हणजे आपल्या काफीचे. शब्द तेलुगू आहेत. पण गळा किराण्याचा आहे. जिथे तिकडचा गायक गांधार हलवून घेईल तिथे खाँसाहेब स्वरावर टेकतात. कर्नाटक कानाला ते पुरेसे वाटणार नाही, आणि त्यांची तक्रार रास्त असेल. पण खाँसाहेबांनी तो प्रयत्न ग्रामोफोन कंपनीच्या यंत्रापुढे बसून केला, शुद्धतेवर भाषण केले नाही. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्यात अजून त्यांच्या नावाने गाणे होते, आणि तिथे कोणी कोणत्या धर्माचा हे विचारून राग वाटून देत नाही.

परवा मधल्या सुट्टीत मी त्या सहकारी शिक्षकांना प्रयोगशाळेच्या संगणकावर दोन ध्वनिमुद्रणे ऐकवली, एक मालकंस आणि एक हिंदोळम्. त्यांना थोडी पेटी येते. मी म्हटले, दोन्हीचे स्वर लिहून काढा. त्यांनी पाच-सात मिनिटे कान देऊन लिहिले. दोन्ही ओळी सारख्याच आल्या. ते गोंधळून म्हणाले, "पण हे तर सारखे वाटत नाहीये." मग दुसरे ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतःच पुन्हा लावले. तेवढ्यात घंटा झाली आणि मला नववीचा तास होता.